गराडूचा आवाज बंद

इंदूरच्या सराफा या रात्रीच्या खाऊबाजारात अकरा वाजता मोबाइल बघणाऱ्याला आवाज ऐकू येत नाही, कारण भोवती कढया चरचरत असतात. घरी बघणारा आवाज लावत नाही, कारण शेजारी कुणीतरी झोपलेलं असतं. ऑफिसातल्याचं तर विचारूच नका. म्हणजे मी जीव ओतून लिहिलेलं निवेदन ऐकणारा हमखास श्रोता एकच, मी. हे एकदा गिळलं की संहिता दुसऱ्यांदा, पडद्यावर वाचायच्या पाट्यांसाठी, लिहायला बसता येतं.

समजा, इंदूरच्या थंडीतल्या गराडूवर, म्हणजे तळून खायच्या कंदावर, ४० सेकंदांचा उभा व्हिडिओ आहे. मूळ वाक्य असं: ‘तर मंडळी, हा गराडू एकदा तळून झाला की लगेच खायचा नाही बरं का, तो थंड होऊ द्यायचा, आणि मग जरा दाबून पुन्हा कडकडीत तेलात सोडायचा.’ शब्द २५. बोलायला सात सेकंद पुरतात. पण वाचणाऱ्याचे डोळे दोनच, आणि त्यांतून त्याला कढईही बघायची असते. म्हणून माझा हिशोब सेकंदाला दोन शब्दांचा. सात सेकंदांत १४ शब्द बसले, की ११ जणांना घरी पाठवायचं. पहिले जातात ‘तर मंडळी’. फार वाईट वाटतं, पण जातात.

उरलेल्यांची छाननी चित्र बघत करायची. दाबणं पडद्यावर दिसतं, मग ‘दाबून’ लिहायची गरज नाही. तेलातून वाफ निघताना दिसते, ‘कडकडीत’ही गेला. थांबणं मात्र कॅमेऱ्याला दिसत नाही. गराडू ताटात नुसता पडून असतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की व्हिडिओ अडकला. ते लिहायलाच हवं. शेवटी उरतं ते इतकंच:

```
4
00:00:09,000 --> 00:00:11,000
थांबा! लगेच खाऊ नका

5
00:00:11,000 --> 00:00:14,500
आधी थंड होऊ द्या,
मग पुन्हा तळा
```

‘थांबा’ सुरुवातीला का आणला? कारण आपल्या भाषेत नकार शेपटीला असतो. मूळ वाक्याचे आपोआप तुकडे पडले, की एका पाटीवर येतं ‘एकदा तळून झाला की लगेच खायचा’ आणि पुढच्या पाटीवर ‘नाही बरं का’. मधल्या दीड सेकंदात निम्मी जनता गराडू तोंडात टाकून मोकळी होते. क्रियापद आणि त्याचं ‘नाही’ एकाच पाटीवर हवं. जमलं तर एकाच ओळीत.

दुसरे घरभेदी म्हणजे ‘हे’, ‘असं’ आणि ‘तिकडचं’. ‘याच्यात हे असं टाकायचं’ हे बोलणाऱ्याच्या स्वरावर आणि बोटावर चालतं. पाटीवर ते आलं की सरकारी परिपत्रक वाटतं. तिथे ‘गराडूवर जीरावन मसाला’ असंच लिहावं. उपरोधाचे हालही तेच. जळलेल्या फोडीकडे बघून ‘वा, काय रंग आलाय!’ म्हटलेलं कानाला टोमणा वाटतं, डोळ्याला शिफारस. मग एकतर फोड इतकी जवळून दाखवायची की काळेपणा लपणार नाही, नाहीतर सरळ ‘जळला’ लिहून विनोदाला मूठमाती द्यायची.

सगळ्यात पंचाईत कुरकुरीतपणाची, कारण त्याचा पुरावाच मुळी आवाज. दुकानदार ‘भिया, एकदम करारा’ म्हणतो, आपण कंसात ‘कुर्रर्र’ लिहितो, आणि बघणाऱ्याला वाटतं दात दुखतोय. त्यापेक्षा चमच्याच्या टोकानं फोड मोडावी. कड तडकून आतला पांढरा गर दिसला की शब्द लागत नाही. ही सूचना चित्रीकरणाआधी संहितेत असायला हवी. नंतर सुचली तर गराडू संपलेला असतो.

कॅमेरावाल्याला आणखी एक विनंती करायची: कढई अगदी खाली धरू नकोस. उभ्या चौकटीत तळाशी खात्याचं नाव आणि मजकूर, उजवीकडे बटणं. त्यामुळे पाटी तळाच्या पाव भागाच्या वर ठेवावी लागते, आणि कढई तिथे असेल तर पाटी गराडूवर झाकण बसल्यासारखी दिसते. जोडाक्षरं सुटी पडली आणि मिरचीची ‘मरिची’ झाली तर दोष आपल्या शुद्धलेखनाचा नसतो. प्रीमियर या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये Text Engine बदलून ‘South Asian and Middle Eastern’ करावं. ओळींत थोडं जास्त अंतर ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीतला ऊकार खालच्या वेलांटीत अडकतो.

परीक्षा मात्र संहिता न वाचलेल्या माणसाकडूनच घ्यायची. आवाज बंद, फोन हातभर लांब, आणि आपण तोंड मिटून मागे उभं राहायचं. हे शेवटचं सर्वांत अवघड. व्हिडिओ संपल्यावर ‘आवडला का?’ असं विचारू नये, घरचे लोक हो म्हणतात. ‘पहिल्यांदा तळल्यावर काय करायचं?’ असं विचारावं. आत्या ‘थंड करायचं’ म्हणाली तर पाटी पास. ‘लिंबू पिळायचं’ म्हणाली तर चौथी पाटी एक सेकंद जास्त थांबवायची, आणि तो सेकंद कुठून आणायचा ते बघायला पुन्हा वरपासून बसायचं. ‘मंडळी’ तर आधीच गेलेले असतात.