मर्ज झालं म्हणजे टेस्ट झालं नाही

"ट्रंकवर काम केलं की रोजच टेस्टिंग. त्यापेक्षा प्रत्येक रिलीजची ब्रँच वेगळी ठेवा, तिथे एकदाच टेस्ट करा आणि शेवटी मेनमध्ये मर्ज करा. मर्जनंतर पुन्हा टेस्ट नको, अडचण असेल तर गिट कॉन्फ्लिक्ट दाखवतंच. फीचर फ्लॅगही नकोत, दहा फ्लॅग म्हणजे १०२४ कॉम्बिनेशन्स. टेस्टिंगचा खर्च निम्मा होतो."

माझी धाकटी बहीण टेस्टर आहे. हा मेसेज तिच्या टीमच्या ग्रुपवर आला आणि त्याच आठवड्यात मर्जनंतरच्या रिग्रेशनचे चार दिवस प्लॅनमधून गेले. "ताई, यात नेमकं काय चुकतंय ते लिहून दे," असं ती म्हणाली, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात घातक वाक्य गिटबद्दलचं आहे. गिट ओळी जुळवतं, अर्थ नाही. दोघांनी एकाच जागच्या ओळी बदलल्या तर कॉन्फ्लिक्ट दिसतो. वेगवेगळ्या फाइल्स बदलल्या तर मर्ज गुपचूप होतं, मग त्या फाइल्स एकमेकींवर कितीही अवलंबून असोत. समजा, सवलत आधी टक्क्यांत द्यायची पद्धत होती. मेनवर कुणीतरी ती अपूर्णांकात आणली आणि मेनवरचे सगळे कॉल बदलले:

```python
def net(price, d):
    return price * (1 - d)   # आधी: (1 - d / 100)
```

त्याच काळात रिलीज ब्रँचवर, जिथे जुनंच फंक्शन आहे, दुसऱ्याने नव्या फाइलमध्ये लिहिलं:

```python
amount = net(2000, 10)
```

ब्रँचवर उत्तर १८००, टेस्ट पास. मेनवरच्या टेस्टही पास. मर्जमध्ये एकही कॉन्फ्लिक्ट नाही. आणि मर्ज झालेल्या कोडमध्ये त्या बिलाची रक्कम येते उणे १८,०००. दोन्हीकडे टेस्टिंग झालं होतं, पण दोन्ही मिळून जो कोड तयार झाला तो मर्ज होईपर्यंत अस्तित्वातच नव्हता. मग तो टेस्ट कधी झाला? ब्रँच सहा आठवडे वेगळी राहिली असेल, तर असे किती बदल एकमेकांवर आदळलेत हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून सगळं रिग्रेशन पुन्हा करावं लागतं. ट्रंकवर, म्हणजे मेनवरच, रोज मर्ज करणाऱ्यालाही हीच चूक होऊ शकते, पण ती दुसऱ्या दिवशी सापडते आणि संशय दोन-चार कमिटांवर असतो.

"एकदाच टेस्ट" हेही खरं नाही. ग्राहकांकडे ५.१, ५.२ आणि ५.३ चालू असतील, तर एक दुरुस्ती मेन धरून चार ठिकाणी जाते आणि चारही ठिकाणी तपासावी लागते. त्यातली एखादी मेनवर न्यायची राहिली, की ग्राहकाने एकदा कळवलेला बग पुढच्या रिलीजमध्ये परत येतो. काय राहिलंय ते असं दिसतं:

```
git log --cherry-pick --right-only --no-merges main...release/5.2
```

दुरुस्ती नेताना कोड थोडा बदलावा लागला असेल तर तीही यादीत राहते, तेवढं डोळ्यांनी पाहावं लागतं.

फ्लॅगांबद्दल थोडं मान्य करते. विसरलेला फ्लॅग धोकादायक असतो. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर ट्रेडिंग कंपनीने जुना फ्लॅग नव्या कामासाठी वापरला, आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचलाच नाही, तिथे बंद पडलेलं जुनं फंक्शन जागं झालं आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक गेले. म्हणून फ्लॅगला मालक आणि काढायची तारीख हवी. पण १०२४ हा हिशोब सगळे फ्लॅग एकमेकांत गुंतलेत असं धरून केलाय. सहसा आज प्रॉडक्शनवर जी मांडणी आहे ती आणि पुढच्या रिलीजची, अशा दोन तपासतात. जे फ्लॅग खरोखर एकमेकांना भिडतात, तेवढ्यांच्याच जोड्या वेगळ्या घेतात.

मेसेजात एक अर्धसत्यही आहे. रिलीज ब्रँच मुळातच वाईट नाही. ग्राहक स्वतःच्या सर्व्हरवर जुनी आवृत्ती चालवत असेल तर ती लागतेच. रेचल पॉटविन आणि जॉश लेव्हनबर्ग यांनी २०१६ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मध्ये गूगलची पद्धत मांडली आहे. तिथे हजारो डेव्हलपर ट्रंकवरच काम करतात. रिलीजसाठी ट्रंकवरून ब्रँच काढतात, तिच्यावर निवडक दुरुस्त्या चेरी-पिक करतात, आणि डेव्हलपमेंटसाठी वेगळी ब्रँच क्वचितच असते. म्हणजे दुरुस्ती आधी मेनवर, मग रिलीजवर. मेसेज याच्या बरोबर उलटं सांगतो.

रोजच्या टेस्टिंगचं म्हणाल, तर ते यंत्राने करायचं असतं. सगळं रिग्रेशन हातानेच होत असेल तर ट्रंक झेपणार नाही, हे खरं. अशा टीमने आधी महत्त्वाचे व्यवहार ऑटोमेट करावेत, ब्रँचचं आयुष्य सहा आठवड्यांवरून एका आठवड्यावर आणावं. आणि तोवर बहिणीच्या टीमचे ते चार दिवस प्लॅनमध्ये परत यायला हवेत.