कुपनं कुणाच्या खिशात?

रविवारी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे परत पहिल्यापासून सांगत नाही. कुपनं वाटून ठेवलेल्या आपल्या सार्वजनिक जेवणात ४०० ताटांचं जेवण उरलं, एवढंच. पण ते का उरलं यावर काल कट्ट्यावर जी जुंपली ती लिहून ठेवावी असं वाटलं, कारण आज सकाळी अव्या सगळ्यांना सांगत सुटलाय की "मी म्हणत होतो तेच बरोबर निघालं." अजिबात निघालेलं नाही.

सुरुवात अर्थातच अव्याने केली. आल्या आल्या कट्ट्यावर उभाच राहिला, बसला पण नाही. "कागदी कुपनं म्हणजे आजोबांच्या काळातलं काम आहे रे, प्रत्येकाच्या मोबाईलवर क्यूआर टाकला असता, गेटवर स्कॅन, विषय संपला." हे वाक्य तो गेली तीन वर्षं म्हणतोय. स्पर्धेच्या वेळी स्कोअर लिहायला वही नको, अ‍ॅप आहे माझ्याकडे असं हाच म्हणाला होता आणि दहाव्या ओव्हरला ह्याची बॅटरी गेली होती, ती मॅच आपण जिंकलो की हरलो हे अजून कुणाला माहीत नाही.

वैशाली शांतपणे म्हणाली, "नेटवर्क होतं का तिथे?"

"तेवढं असतंच गं."

"दुपारी एक वाजता माझा साधा फोन लागत नव्हता. दोन गेट, दोन स्कॅनर, दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. एकाच कोडचा स्क्रीनशॉट घेऊन एक जण ह्या गेटने आत जाणार, दुसरा त्या गेटने, आणि दोन्हीकडे हिरवी टिकली. आणि नेटवर्क असलं तरी काय, ज्याचा कोड तो बिचारा मागून आला तर त्यालाच लाल दिसणार, मग त्याला समजावायला तू उभा राहणार का?"

अव्या म्हणाला, "तो टेक्निकल इश्यू आहे." अडकला की हा नेहमी असंच म्हणतो.

पक्या मध्येच म्हणाला, की जाऊ दे ना, लोकं कमी आली म्हणून उरलं, सोपं आहे. तेव्हा वैशालीने पर्समधून घडी घातलेले कागद काढले. रविवारी रात्री घरी बसून गेटवरच्या पेटीत जमा झालेलं एकेक कुपन ह्या बाईने नंबरानुसार लावलंय. प्रत्येक बुकासाठी एक कागद, त्यावर दहा बाय दहाचे शंभर चौकोन, कुपन सापडलं की त्या नंबरच्या चौकोनात फुली. एवढंच. मी म्हणालो एवढा वेळ होता तुला? तर म्हणे तुम्ही सगळे भांडी धुवायच्या वेळी गायब होता ना, तेवढाच.

आता हिशोब. एकूण वीस बुकं छापली, प्रत्येकी १०० कुपनं. त्यातली १४ बुकं गटप्रमुखांना, एकेकाला एक. उरलेल्या ६ बुकांतली ३१० कुपनं त्या दिवशी टेबलावरून दिली, २९० कोरी परत आली. म्हणजे कमिटीच्या वहीत "दिलेली कुपनं १७१०", आणि बापूंनी आचाऱ्याला तेवढ्याच ताटांचं सांगितलं.

"बरोबरच होतं ते," बापू म्हणाले. बापू आमच्यापेक्षा मोठे, रविवारी दिवसभर भट्टीपाशी उभे होते, त्यामुळे त्यांच्या आवाजात अजून धुराची खरखर आहे.

"वहीत बरोबर होतं बापू," वैशाली म्हणाली, "पण दिलेलं कुपन म्हणजे जेवायला येणारा माणूस नव्हे. हा कागद बघा." नऊ नंबरचं बुक, ८०१ ते ९००. ८३६ पर्यंत फुल्याच फुल्या, आणि ८३७ पासून खाली सगळं कोरं. सलग ६४ चौकोन. "माणसं आली नाहीत तर कोरे चौकोन असे इकडे-तिकडे विखुरलेले दिसतात, कुणाला ताप आला, कुणाची गाडी चुकली. बुकाची शेपूट सलग कोरी राहिली म्हणजे ती कुपनं कुणाला दिलीच नाहीत. चौदा बुकांत मिळून अशी २२० आहेत. विखुरलेली कोरी फक्त ४७."

मी विचारलं, नऊ नंबर कुणाचं होतं. वैशाली काही बोलली नाही, फक्त अव्याकडे बघितलं. अव्या आता बसला.

"अगं मी विसरलो परत द्यायला, डिकीत असतील," असं म्हणत तो गाडीकडे गेला आणि खरंच बुक घेऊन आला, वर ऑइलचा डाग. क्यूआरचा पुरस्कर्ता! पक्या हसून हसून कट्ट्यावरून खाली घसरला.

पण बापूंना एक गोष्ट पटेना. "ह्या ६४ नं काय एवढा फरक पडतो? मी दीड वाजता रांग बघितली, गेटाबाहेर लांबपर्यंत होती. म्हणून अजून ३०० ताटांचं टाकायला सांगितलं. तू असतीस तर काय केलं असतंस?"

हे मला आवडलं, कारण ह्याच्यावर वैशालीने बापूंना चूक ठरवलं नाही. दीड वाजता पहिली पेटी भरली म्हणून बदलली होती, ती सील केलेली, त्यामुळे तोपर्यंतचा आकडा वेगळा काढता आला. पहिल्या पेटीत १२९०. ताटं मात्र १३५० गेलेली, कारण आणलेल्या १७०० रिकाम्या ताटांमधली ३५० उरली होती हे बापूंनीच मोजलं होतं. म्हणजे शिजवलेल्या १७१० मधून १३५० वजा, भट्टीपाशी ३६० ताटांचं शिल्लक.

"आता तुमच्या वहीप्रमाणे अजून यायचे कोण? १७१० वजा १२९०, ४२०. शिवाय आपले स्वयंसेवक नि आचाऱ्याची माणसं मिळून ८६, ती शेवटी जेवतात. झाले ५०६. शिल्लक ३६०. कुणीही घाबरलंच असतं. मीही टाका म्हणाले असते."

"मग?"

"मग त्या ४२० मधली २२० कुपनं खिशात नाहीतर डिकीत होती ना. खरे उरलेले २००, आणि ८६. २८६. तुमच्याकडे ३६० होतं. भट्टी विझवून बसायला हरकत नव्हती. प्रत्यक्षात दीडनंतर ताटं गेली २६०. म्हणजे पहिल्यातलं १०० उरलं आणि वरचं ३०० अख्खंच्या अख्खं."

बापू बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आणि ती रांग?"

"रांग पक्यामुळे होती."

हे मात्र खरं. पक्या गेटवर उभा होता आणि प्रत्येक ओळखीच्या माणसाशी गप्पा मारत होता, घरचे कसे आहेत, मुलगा काय करतो. गेटपाशी रांग लांब दिसली म्हणजे भूक लांब असते असं नाही, गेट हळू असतं. दोन मिनिटं पेटीतले गठ्ठे मोजले असते, पन्नास-पन्नासचे रबरबँड लावून, तर रांगेकडे बघायची वेळच आली नसती.

"आणि हे बघ पक्या, अजून एक तुझं," वैशाली म्हणाली. पेटीत एकूण १४५२ कुपनं, ताटं गेली १६१०. फरक १५८. त्यातले ८६ आपलेच लोक, त्यांना कुपनच दिलं नव्हतं. उरले ७२. काही जणांनी दुसऱ्या वेळी नवीन ताट घेतलं असेल. बाकी पहिल्या अर्ध्या तासात पक्याने कुपन नुसतं बघून लोकांना परत दिलं, मग तेच कुपन कुंपणावरून बाहेरच्याकडे गेलं.

पक्या म्हणाला, "पुरावा काय? एकाही नंबरावर दोन फुल्या असतील तर दाखव."

"आहेत, वेगवेगळ्या नऊ नंबरांवर, पण त्या झेरॉक्स आहेत, कागद पातळ आहे. तुझी भानगड फुल्यांत दिसतच नाही रे. तेच कुपन दोनदा वापरलं तरी पेटीत शेवटी एकदाच पडतं. ते फक्त ताटांच्या मोजणीत सापडतं. म्हणून दोन्ही मोजायचं असतं. आणि कुपन हातात घेतलं की टर्रकन फाडायचं, अर्धं पेटीत, अर्धं त्याला."

अव्याला वाटलं आता वारं फिरलं, म्हणून परत उठला. "मग फाडण्यापेक्षा स्कॅन बरं ना!" त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पुढच्या वेळचं काय, यावर बापू आणि वैशालीचं जमलं, बाकी आम्ही श्रोते. ठरलं ते असं, की गटप्रमुखाने जेवण सुरू व्हायच्या दोन तास आधी बुक परत आणायचं, उरलेल्या कुपनांसकट, आणि नाही आणलं तर त्याच्या गटाची उरलेली कुपनं रद्द, गेटवर त्या नंबरांची चिठ्ठी लावायची. बापूंनी भर घातली की आचाऱ्याला पहिल्यांदा सगळं शिजवायला सांगायचंच नाही. दोन तृतीयांश शिजवायचं, बाकीचं निवडून, चिरून, मोजून ठेवायचं, आणि दर अर्ध्या तासाला पेटीचा आकडा भट्टीपाशी गेला की मग ठरवायचं. न शिजलेलं उरलं तर ते परत घरी नेता येतं, शिजलेल्याला संध्याकाळपर्यंत वास यायला लागतो. फक्त ज्याला शिजायला तास लागतो त्याचा निर्णय तासभर आधी घ्यायला लागतो, तिथे आकडा उशिरा आला तर उपयोग नाही, हे बापूंनी दोनदा सांगितलं.

मी विचारलं, ज्याच्याकडे कुपनच नाही त्याचं काय, त्याला काय हाकलायचं? बापूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "जेवायला आलेल्याला हाकलतात का रे?" वैशालीने तोडगा काढला, वेगळ्या रंगाचं एक बुक गेटवरच ठेवायचं, अशा माणसाला त्यातलं एक फाडून द्यायचं आणि आत सोडायचं. स्वयंसेवकांनाही तिसऱ्या रंगाचं. म्हणजे पोट भरतं आणि आकडाही चुकत नाही.

"म्हणजे पक्यालाही कुपन?"

"पक्याला दोन. एकाने त्याचं होत नाही."

मग पक्या जो सुरू झाला, की मागच्या सहलीला वैशालीने माणसं मोजली तेव्हा मलाच मोजायचं राहिलं आणि बस निघून गेली होती, तेव्हा कुठे गेले होते तुझे चौकोन. हा विषय दर महिन्याला निघतो. वैशालीचं म्हणणं, बसमधला आकडा बरोबर होता, पक्या तेव्हाही कुणाशी तरी गप्पा मारत होता.

निघताना अव्याने ते ऑइल लागलेलं बुक परत खिशात टाकलं. "६४ आहेत ना अजून, पुढच्या वर्षी चालतील."

"रंग बदलणार आहे," वैशाली गाडी सुरू करता करता म्हणाली.