एसएनएफ कमी लागला म्हणजे पाणी घातलं, असं नसतं

"गाईच्या दुधाचा एसएनएफ 8.5 च्या खाली आला म्हणजे पाणी घातलंय समजा. दर खरा फॅटवरच असतो, एसएनएफ हा कपातीचा बहाणा. उपाय सोपा, कॅनमध्ये थोडी साखर टाका, डिग्री लगेच वर येते."

हा मेसेज मामाकडे पोचला आणि मामाने मला फोन करून विचारलं, किती साखर टाकू? ज्या माणसाने आयुष्यात दुधात पाण्याचा थेंब घातला नाही त्याला असं विचारायला लावणाऱ्या मेसेजचा मला भयंकर राग आलाय, म्हणून एवढं लिहितेय.

आधी पाण्याचं बघू, कारण तो सरळसरळ चोरीचा आळ आहे. 3.5 टक्के फॅट आणि 8.5 टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, हा दर ठरवायचा पाया आहे, शुद्धतेची रेषा नाही. एफएसएसएआयच्या मानकात गाईच्या दुधाला किमान 3.2 फॅट आणि 8.3 एसएनएफ लागतो. म्हणजे 8.3 चं दूध कायद्यानेच चांगलं, तरी दरपत्रकात त्याचे दोन पॉइंट कापले जातात. आणि शुद्ध दूधसुद्धा 8.3 च्या खाली येऊ शकतं. एसएनएफ म्हणजे प्रोटीन, लॅक्टोज आणि क्षार. गाय व्यायल्यावर दीड-दोन महिन्यांनी दूध सगळ्यात जास्त असतं तेव्हा हे घटक पातळ होतात, खुराकातून ऊर्जा कमी पडली की प्रोटीन घटतं, उन्हाळ्याचा ताण असतोच, आणि लपलेला कासदाह असला तर लॅक्टोज पडतं.

पाणी घातलं की काय होतं तेही बघा. 10 लिटर दूध, फॅट 3.5 आणि लॅक्टोमीटरवरची डिग्री 28, त्यात 1 लिटर पाणी ओतलं तर डिग्री साधारण साडेपंचवीसवर येते आणि फॅटही 3.2 च्या आसपास उतरतं. दोन्ही एकदम पडतात. फॅट नेहमीसारखं आणि नुसता एसएनएफ हळूहळू घसरत चाललाय, तर आधी गोठ्यात बघा. अर्थात नुसत्या आकड्यावरून पक्कं सांगता येत नाही, खात्री करायची तर दुधाचा गोठणबिंदू मोजावा लागतो. केंद्रावरच्या अल्ट्रासोनिक मशीनच्या पावतीवर जो 'पाणी'चा आकडा येतो तो मोजलेला नसतो, मशीनने बाकीच्या घटकांवरून हिशोबाने काढलेला असतो, त्यामुळे एसएनएफ कमी असलेल्या शुद्ध दुधातही ते पाणी दाखवू शकतं. त्यावरून कुणाला चोर ठरवू नका.

दर फॅटवरच असतो म्हणे. म्हशीच्या दुधाला काही ठिकाणी असतो, तेवढं मान्य. गाईच्या दरपत्रकात दोन्ही बघतात.

बहाण्याच्या गोष्टीत मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. लॅक्टोमीटरने एसएनएफ थेट मोजला जात नाही, सूत्राने काढतात. डिग्रीला 4 ने भागायचं, त्यात फॅटची पाव पट मिळवायची आणि वर 0.44. काही ठिकाणी भागाकार तोच, पण फॅटची 0.21 पट आणि वर 0.36 धरतात. वरचंच दूध घ्या, डिग्री 28, फॅट 3.5. पहिल्या सूत्राने 8.3, दुसऱ्याने 8.1. दूध तेच, डिग्री तीच, दोन पॉइंट गेले. समजा पॉइंटला 30 पैसे कपात आहे, तर लिटरमागे 60 पैसे, रोज 20 लिटर घालणाऱ्याचे महिन्याला 360 रुपये. त्यात लॅक्टोमीटर 27 अंशाला जुळवलेला असतो, आणि दूध धार काढून लगेच आणलं, कोमट आणि हवा भरलेलं असलं, की डिग्री खरीपेक्षा कमी दिसते. भांडायचं तर इथे भांडा, साखरेच्या मागे कशाला लागता?

साखरेने डिग्री वाढते हे खरंय. 10 लिटरला 100 ग्रॅम टाकली तर साडेतीन-चार डिग्री वर जाते, कारण लॅक्टोमीटर फक्त घनता बघतो, आत काय विरघळलंय ते त्याला कळत नाही. पण रिसॉर्सिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालून दूध तापवलं की साखरेचं दूध लाल होतं, पाच मिनिटांचं काम, आणि ही भेसळच आहे, 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली दंड होतो. एकाच्या कॅनपायी अख्ख्या टँकरचं दूध नाकारलं जाऊ शकतं. ते दूध मधुमेहाचं माणूस पिणार, याचा तरी विचार करा.

मामाला मी सांगितलंय, चारही सडांची कासदाहाची टेस्ट करून घे, खुराकात मका वाढव पण एकदम नको, हळूहळू, नाहीतर पोट बिघडून फॅट पडेल. आणि केंद्रावर तीन गोष्टी विचार: डिग्री किती आली, दुधाचं तापमान किती होतं, सूत्र कुठलं लावलं. आकडा पटला नाही तर नमुना नीट हलवून समोर पुन्हा लावायला सांग.