ट्रान्सपोर्टचे फक्त 2,150 भरा, गाडी उद्या दारात

आमच्या मावसभावाला पोरीच्या क्लाससाठी सेकंडहॅन्ड स्कूटर हवी होती. ऑनलाइन जाहिरात दिसली, 2021 चं मॉडेल, 24 हजार. नाशकात तसली गाडी 50 च्या खाली कुणी देत नाही हे त्यालाही माहीत होतं, पण स्वस्त दिसलं की आपली अक्कल चरायला जाते. समोरचा म्हणे आर्मीत, देवळाली कॅम्पला, जम्मूला बदली झाली म्हणून घाईत विकतोय. वर्दीतला फोटो, आयकार्ड, आरसी, सगळं न मागता व्हॉट्सॲपवर हजर. अहो, खरा जवान आपलं आयकार्ड असं कुणालाही वाटत फिरेल का?

भाऊ म्हणाला देवळाली इथं तर आहे, येऊन बघतो. तर म्हणे सिव्हिलियनला आत एन्ट्री नाही, गाडी आर्मी ट्रान्सपोर्टने घरी येईल, आधी 2,150 भरा, बाकीचे गाडी बघून द्या. भरले. मग इन्शुरन्सचे 5,100, रिफंडेबल. भरले. मग फोन, सर 5,101 पाठवायचे होते, एक रुपया कमी पडला म्हणून सिस्टीमने घेतलंच नाही, परत पाठवा, आधीचे आपोआप येतील. हीच खरी गोम आहे, एकदा पैसे अडकले की माणूस गाडीसाठी नाही, अडकलेले सोडवायला पैसे टाकत जातो. भाऊने तेही टाकले, झाले 12,351.

शेवटी रिफंडचा क्यूआर आला, स्कॅन करा, पिन टाका, 10,201 परत येतील. तेव्हा कुठे साहेबांनी मला फोन केला! म्हटलं स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाच. 'Pay' लिहिलेलं. अरे बाबा, पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन टाकला की आपल्याच खात्यातून जातात.

मग मी शांतपणे बघत बसलो. आयकार्डावर एक नाव, आरसीवर दुसरं, आणि यूपीआयमध्ये पैसे ज्याला गेले त्याचं तिसरंच. पिन टाकायच्या आधी ॲप हे बँकेतलं नाव दाखवतं पण आपण बघतो फक्त रक्कम. सरकारच्या mParivahan ॲपवर गाडीचा नंबर टाकला, मालकाचं नाव अर्धं चांदण्यांत झाकलेलं दिसतं तरी अक्षरं आरसीशी जुळत होती. म्हणजे गाडी खरी, मालकही खरा, बहुतेक त्या बिचाऱ्याच्या जुन्या जाहिरातीतून फोटो उचललेले. म्हणून नुसती आरसी खरी निघाली म्हणून खूश होऊ नका, विकणारा तोच आहे का ते बघा.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, लगेच फोन लावायला हवा होता, तर हा दोन तास वहिनीला काय सांगू यातच अडकला. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे थांबायची शक्यता जास्त. प्रत्येक व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर विचारतात, तो ॲपच्या हिस्टरीत असतो. cybercrime.gov.in वर पण तक्रार टाकली. शेवटचे 5,101 होल्ड झालेत म्हणे, हातात अजून दमडी नाही.

काल तीच गाडी परत दिसली, तेच फोटो. आता जवान खडकीला आहे आणि किंमत 22 हजार.