ब्रोशरवरचं जुनं नाव जपून ठेवायची पक्की पद्धत

अभिनंदन! कंपनीचं नाव बदललंत, पेढे वाटलेत, दारावर नवीन बोर्ड लागला, आता फक्त ब्रोशरचं तेवढं बघायचंय. ते काय, दहा मिनिटांचं काम. मी गेली कित्येक वर्षं डीटीपीच्या खुर्चीत बसून ही दहा मिनिटांची कामं करतोय, एकेक काम साधारण दोन वर्षं चालतं, त्यामुळे माझं ऐका, जुनं नाव, जुना पत्ता आणि जुना फोन तुमच्या ब्रोशरवर कायमचा सुखाने नांदावा यासाठी काय काय करायचं ते नीट सांगतो.

उदाहरण घेऊ म्हणजे बरं पडेल. समजा तुमची घरगुती पिठाच्या गिरण्या बनवायची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत होती, आता शिरोली एमआयडीसीत गेली. नावात ‘फ्लोअर मिल’ होतं आणि तुम्ही आता मसाला कांडप आणि तेलघाणाही करता म्हणून नाव बदललं. ब्रोशर आठ पानी, ए-फोर, मधोमध पिना, १७० जीएसएम आर्ट पेपर. छापल्या होत्या २,०००, त्यातल्या १,३०० अजून गोडाऊनमध्ये पडून आहेत.

तर पहिलं म्हणजे त्या १,३०० अजिबात फेकू नका. केवढे पैसे घातलेत त्यात! स्टिकर मारा. मागच्या पानावरच्या पत्त्यावर एक पांढरा स्टिकर, झालं. आता कुणीतरी खुसपट काढेल की नाव कव्हरवरही आहे आणि आतल्या सहा पानांच्या तळाशी पट्टीतही आहे, म्हणजे एका प्रतीला आठ स्टिकर, १,३०० प्रतींना १०,४००, आणि एकाला दहा सेकंद धरले तरी जवळजवळ २९ तास नुसतं चिकटवणं. हरकत नाही, पॅकिंगची पोरं आहेत की. स्टिकर मात्र साधाच घ्या, मागून काळा असतो तो अपारदर्शक नको, उगाच दोन पैसे जास्त. साध्या स्टिकरचा फायदा असा की ट्यूबलाइटखाली धरला की खालचं जुनं नाव अलगद वर येतं, आणि गुळगुळीत लॅमिनेशनवर मे महिन्यात कोपरा सुटला की गिऱ्हाईक पहिली गोष्ट काय करतं? नखाने सोलतं. जे नाव तसं कुणी वाचलंही नसतं ते आता मुद्दाम वाचलं जातं.

दुसरं, फाइल. नवीन छापायचीच वेळ आली तर डिझायनरला म्हणा, ‘अरे जुनीच फाइल उघड, फाइंड-रिप्लेस मार, पाठव.’ तो मारेल, कॉम्प्युटर सांगेल की असं नाव फाइलमध्ये कुठेच नाही. बघा! पाटी कोरी! इथेच थांबायचं. पुढे विचारायचं नाही की समोर स्क्रीनवर एवढ्या ठळक अक्षरात दिसतंय ते मग काय आहे.

ज्यांना उगाच खोलात जायची सवय आहे त्यांच्यासाठी सांगतो, नाव न सापडायची दोन कारणं असतात. एक, प्रेसला पाठवताना फॉन्ट उडू नये म्हणून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी अक्षरं कर्व्ह करतात, म्हणजे ‘क’ हा मग क राहत नाही, नुसतं क च्या आकाराचं चित्र होतं, आणि चित्रात शब्द शोधता येत नाही. कर्व्ह न केलेली मूळ फाइल वेगळी जपायची असते, ती अर्थातच त्या डिझायनरकडे होती जो तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून पुण्याला गेला. दोन, आपल्याकडची बरीच जुनी मराठी कामं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेली, त्यात स्क्रीनवर मराठी दिसतं पण पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी साठवलेली असते. तुम्ही आजच्या कीबोर्डवर नाव टाइप करून शोधलंत तर ते त्याला कसं सापडणार? ओळखायचं सोपं आहे, पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, निरर्थक इंग्रजी अक्षरांचा पाऊस पडला तर बहुधा जुना फॉन्ट, आणि ओळ मुळात सिलेक्टच झाली नाही तर कर्व्ह किंवा फोटो. दोन्हीकडे उपाय एकच, आठही पानं कागदावर काढून लाल पेनने नाव, पत्ता, फोन, ईमेल दिसेल तिथे गोल करत जायचं. पण एवढं कोण करतं, तुम्ही कॉम्प्युटरवर विश्वास ठेवा.

बरं, मूळ फाइल नाहीच म्हणून पीडीएफवर काम करायचं ठरलं तर जुन्या नावावर पांढरा चौकोन टाका आणि वर नवीन नाव लिहा. दिसायला एकदम स्वच्छ. फक्त हे पक्कं बघा की खालचं अक्षर पुसलेलं नाही, झाकलेलं आहे, म्हणजे मजकूर जिवंत असेल तर कुणी पूर्ण पान कॉपी करून पेस्ट केलं की पूर्वाश्रमीचं नाव पत्त्यासकट बाहेर येतं, आणि सर्च इंजिनलाही तेच वाचायला मिळतं. शिवाय फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये टायटल नावाचा एक रकाना असतो, त्याला हातही लावू नका. ब्राउझरमध्ये फाइल उघडली की वरच्या टॅबवर बऱ्याचदा तेच टायटल झळकतं. एका गृहस्थांनी नवीन नावाचं देखणं ब्रोशर मोठ्या स्क्रीनवर उघडून डीलरांना दाखवलं तेव्हा वर टॅबवर जुनं नाव, पुढे ‘फायनल’, पुढे परत ‘फायनल’ आणि पुढे ‘नवीन’ असं लिहिलेलं होतं. डीलरांनी मान डोलावली.

आता फोटो. हा माझा आवडता भाग. आतल्या पानावर गिरणीचा झकास क्लोजअप आहे, आणि गिरणीच्या दारावर रिव्हेट मारलेली अॅल्युमिनियमची नेमप्लेट, तिच्यावर जुनं नाव, जुना फोन, सगळं खणखणीत. पान तीनवर दुकानाचा फोटो, वर बोर्ड. पान सहावर कारागिरांचा फोटो, टी-शर्टच्या खिशावर लोगो. पान सातवर उद्घाटनाचा, मागे बॅनर. मजकूर तपासणारा माणूस फोटो वाचत नाही, तो फोटो बघतो, म्हणून ही चारही ठिकाणं अगदी सुरक्षित आहेत. कुणी फोटो चारशे टक्के मोठा करून कोपरे तपासायला बसला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

सातव्याच पानावर ते आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट स्कॅन करून लावलंय. त्यावर कंपनीचं नाव आणि पत्ता दोन्ही असतं आणि दोन्ही आता जुनं. हमखास सुचणारी आयडिया म्हणजे त्यावरचं नाव फोटोशॉपमध्ये बदलून टाकायचं. किती सोपं! त्याला खोटं सर्टिफिकेट म्हणतात एवढीच बारीक अडचण आहे. (इथे गंमत नाही, मी हे काम दोनदा नाकारलंय आणि दोन्ही वेळा गिऱ्हाईक रुसलं.) ज्या संस्थेने दिलं तिलाच कळवून नवीन नावापत्त्याचं करून घ्यायचं, तोवर ब्रोशरमधली ती जागा रिकामी ठेवायची. रिकामी जागा मालकांना बघवत नाही, हे वेगळं.

आता फोन. जुना मोबाइल नंबर आहे, त्याला कशाला रिचार्ज मारत बसायचं, बंद करून टाका. बंद झालेला नंबर ९० दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. म्हणजे उद्या बीडमधल्या एखाद्या वहिनींना नवीन सिम मिळेल आणि दुसऱ्याच दिवशी गडहिंग्लजहून फोन येईल, ‘अहो तुमच्या गिरणीचा बेल्ट तुटलाय, दळण अर्धं राहिलंय, माणूस कधी पाठवताय?’ वहिनी पहिल्या चार जणांना समजावतील, पाचव्याला म्हणतील उद्या पाठवते. तुमची सर्व्हिस अशी थेट बीडपर्यंत पोहोचेल. काही कंजूस लोक जुनं सिम एका साध्या फोनमध्ये घालून ऑफिसात ठेवतात, कमीत कमी रिचार्ज मारत राहतात, कॉल नवीन नंबरवर वळवतात आणि कुणी कुठून नंबर घेतला ते वहीत लिहितात, म्हणजे जुनी ब्रोशरं अजून कुठल्या गावात फिरतायत ते कळतं. असले उद्योग तुम्ही करू नका.

वेबसाइटचंही तसंच. मागच्या पानावरचा क्यूआर कोड छान दिसतो, डिझायनरने त्याच्या मधोमध नवीन लोगोसुद्धा बसवलाय, काम झालं. पण साध्या क्यूआरच्या त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांतच पत्ता कोरलेला असतो, लोगो बदलून ठिपके बदलत नाहीत, स्कॅन केलं की गाडी जुन्याच वेबसाइटवर. मग ते जुनं डोमेन रिन्यू न करता सोडून द्या, वर्षाला हजार-बाराशे वाचतील. सोडलेलं डोमेन कुणीही घेऊ शकतं, आणि ज्याने घेतलं त्याला त्या नावाचे ईमेलही स्वतःकडे वळवून घेता येतात, म्हणजे तुमच्या जुन्या गिऱ्हाइकाने जुन्या ब्रोशरवरच्या पत्त्यावर कोटेशन मागितलं तर ते कुणा अनोळखी माणसाच्या हातात. डोमेन चालू ठेवून नुसतं नवीन साइटवर वळवून ठेवलं असतं तर ही मजा गेली असती.

आणि आता खरी गंमत. इतका वेळ जे नाव पुसायला धडपडलात ते एका ठिकाणी मात्र कायदाच छापायला लावतो. कंपनी कायदा २०१३, कलम १२, त्यात म्हटलंय की मागच्या दोन वर्षांत कंपनीचं नाव बदललं असेल तर नवीन नावाबरोबर आधीचं नावही द्यायचं, दारावरच्या पाटीवर, लेटरहेडवर, बिलांवर, नोटिसांवर आणि इतर अधिकृत प्रकाशनांवर. नाही दिलं तर दिवसाला १,००० रुपये दंड, जास्तीत जास्त १ लाख, आणि तो कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्याला दोघांनाही. प्रोप्रायटरशिप असेल तर हे लागू नाही, तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, तुम्हाला आहे. ब्रोशर हे अधिकृत प्रकाशनात धरायचं का ते तुमच्या सीएसना, म्हणजे कंपनी सेक्रेटरीला विचारा, बरेच जण भानगड नको म्हणून मागच्या पानावर बारीक अक्षरात ‘पूर्वीचे नाव’ म्हणून एक ओळ टाकतात, म्हणजे जुनं गिऱ्हाईकही बुचकळ्यात पडत नाही. पण आपली परंपरा उलटी आहे. लेटरहेड आणि बिलावरून जुनं नाव पहिल्याच दिवशी साफ पुसायचं, आणि नेमप्लेटच्या फोटोत, टॅबच्या टायटलमध्ये, क्यूआरच्या ठिपक्यांत ते निष्ठेने सांभाळायचं.

डीलरांकडचे गठ्ठे परत मागवायचे नाहीत हे सांगायला नकोच. निपाणीच्या डीलरकडे ८० आहेत की १८० ते कुणाला ठाऊक, कारण कुणाला किती दिल्या ते लिहिलेलंच नाही, आणि ब्रोशरच्या कोपऱ्यात आवृत्तीचा महिना-वर्ष छापलेला नाही, त्यामुळे फोनवर ‘तुमच्याकडची जुनी की नवी’ विचारलं तर तो म्हणणार, ‘नवीच की साहेब, कोरी करकरीत आहेत.’

एवढं सगळं करूनही समजा चुकून एखादी खरोखर निर्दोष नवीन आवृत्ती छापली गेलीच, आठही पानं तपासलेली, फोटो परत काढलेले, क्यूआर नवा, तरी घाबरू नका. प्रेसवाल्याच्या चलनबुकात तुमचा पत्ता अजून लक्ष्मीपुरीचाच आहे. टेम्पो तिकडेच जाईल, आणि तुमच्या जुन्या गाळ्यात आता जो मोबाइल रिपेअरवाला बसतो तो सही करून गठ्ठे उतरवून घेईल.