तारखेखालचा बॅच नंबर

पॅकिंग लाइनवर क्वालिटीत काम करताना माझं निम्मं आयुष्य डब्या-बाटल्यांवरचे छापील ठिपके तपासण्यात गेलं. त्यामुळे कोणतीही वस्तू हातात आली की मी तारखेच्या आधी बॅच नंबर बघतो. घरचे म्हणायचे, "त्यात काय कळतं? तो कंपनीचा नंबर." जानेवारी २०२५ मध्ये जे घडलं त्यानंतर घरात असं कुणी म्हणत नाही. ते सविस्तर लिहितो, कारण बॅच नंबर कसा वाचायचा हे त्यावरूनच नीट समजेल.

धाकट्या बहिणीने सनस्क्रीनची नवी बाटली आणली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "दादा, हे पाण्यासारखं येतंय. आधी पातळ पाणी, मग घट्ट गोळा. तारीख तर पुढची आहे." मी तिला तळाचा फोटो पाठवायला सांगितलं. आधीची संपत आलेली बाटली घरातच होती, तिचाही मागवला. ती दुसऱ्या दुकानातली होती, पण कंपनी तीच आणि क्रीमही तेच. दोन्हींवर असं छापलं होतं:

```
जुनी बाटली              नवी बाटली
B.No. 3073K2            B.No. 2311K1
MFG 14/03/2023          MFG 07/11/2023
EXP 13/03/2025          EXP 06/11/2025
```

वरवर दोन्ही ठीक दिसतात. आता जुन्या बाटलीचा बॅच नंबर घ्या. पहिला अंक ३, पुढचे तीन अंक ०७३. जानेवारीचे ३१ आणि फेब्रुवारीचे २८ मिळून ५९ दिवस. त्यात मार्चचे १४ मिळवले की ७३. म्हणजे वर्षाचा त्र्याहत्तरावा दिवस, १४ मार्च, आणि छापील तारीखही तीच. पहिला ३ हा २०२३ चा शेवटचा अंक. शेवटचं अक्षर आणि अंक बहुधा लाइन किंवा पाळी सांगतात. त्यांच्याशी आपल्याला देणंघेणं नाही.

वर्षाचे दिवस १ पासून ३६५ पर्यंत सलग मोजायच्या या पद्धतीला कारखान्यांत ज्युलियन डेट म्हणतात. (खगोलशास्त्रातली ज्युलियन डेट वेगळी, नाव तेवढं सारखं.) ती वापरण्यामागचं कारण अगदी व्यवहारी आहे. तीन अंकांत दिवस आणि महिना दोन्ही बसतात, दिवस आधी की महिना आधी हा घोळ राहत नाही आणि गोदामात माल क्रमाने लावणं सोपं जातं.

पण एका बाटलीवरून निष्कर्ष काढू नये, जुळणं योगायोगही असू शकतं. मी वेगवेगळ्या दुकानांत जाऊन त्याच क्रीमच्या आणखी काही बाटल्या पाहिल्या. त्यातली एक फार उपयोगी पडली. तिच्यावर नंबर होता 4122K2 आणि उत्पादनाची तारीख ०१/०५/२०२४. साध्या वर्षात १२२ वा दिवस २ मे असतो. २०२४ लीप वर्ष होतं, त्यामुळे त्या वर्षी १२२ वा दिवस १ मे. म्हणजे कोड लीप वर्षसुद्धा बरोबर धरतो. इतकं जुळल्यावर पद्धत ओळखली असं मी मानतो.

आता नवी बाटली. २३११. ऑक्टोबर अखेरपर्यंत ३०४ दिवस होतात, वर सात म्हणजे ३११, ७ नोव्हेंबर. दिवस आणि महिना छापील तारखेशी बरोबर जुळतात. पण पहिला अंक २ आहे. कोड २०२२ म्हणतो, तारीख २०२३.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बॅच नंबर आणि तारीख जुळत नाही याची निर्दोष कारणंही असतात. काही ठिकाणी बॅच नंबर मोठ्या टाकीत मिश्रण तयार झालं त्या दिवसाचा असतो आणि बाटल्या नंतर भरल्या जातात. काही कंपन्यांत पहिला अंक वर्षाचा नसून लाइनचा असतो. काही जण महिन्यासाठी अक्षर वापरतात, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी. त्यात आय बहुतेकदा गाळतात, कारण तो छापील एकासारखा दिसतो. मग डिसेंबर एल ऐवजी एम होतो. काही नंबर नुसते अनुक्रमांक असतात आणि त्यांत तारीख नसतेच. पण भरायला उशीर झाला असता तर दिवस आणि महिनाही सरकले असते. बरोबर एक वर्षाचा फरक आणि दिवस-महिना तंतोतंत तेच, हे उशिराने होत नाही. कुणीतरी फक्त वर्ष बदललं तर होतं.

मग बाटलीच मागवून घेतली. बॅच, उत्पादन आणि एक्सपायरी या तिन्ही ओळी बाटली पट्ट्यावरून धावत असताना एकच इंकजेट मशीन एकाच फटक्यात छापते. जवळून पाहिलं तर अक्षरं बारीक ठिपक्यांची दिसतात, आणि तिन्ही ओळींत ठिपक्यांचा आकार, अंतर आणि तिरकेपणा सारखा असतो. या बाटलीवर बॅचची ओळ टोकदार होती. खालच्या दोन ओळींचे ठिपके जाड आणि शाई जास्त काळी. बाटली उजेडात तिरकी धरली तर त्या दोन ओळींच्या खाली प्लास्टिकची चकाकी गेलेला मंद पट्टा दिसत होता. ही शाई सॉल्व्हंटमध्ये विरघळते, आणि सॉल्व्हंट चोळलं की बाटलीचा पृष्ठभागही मरतो. शाई निघते, पण तो डाग निघत नाही.

बॅच नंबर मात्र तसाच ठेवला होता. तो तारखेशी बांधलेला आहे हे पुसणाऱ्याला ठाऊक नसावं. किंवा ठाऊक असूनही, खोटा बॅच नंबर घातला तर कंपनीच्या नोंदीत सापडणार नाही ही भीती असावी.

मी कंपनीच्या ग्राहक विभागाला बॅच नंबर आणि फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं की ही बॅच नोव्हेंबर २०२२ मध्येच भरली होती आणि तिची मुदत नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. दुकानदाराला बाटली दाखवली. त्याने पैसे परत दिले, पण माल कुठून आला ते सांगितलं नाही. मी रीतसर लेखी तक्रार केली.

कुणी म्हणेल, क्रीमच तर आहे, दोन महिन्यांनी काय बिघडतं? मला हा युक्तिवाद पटत नाही. मुदत ठरवताना बॅचचे नमुने ठरलेल्या तापमानाला आणि दमटपणाला महिनोन्महिने ठेवून पुन्हापुन्हा तपासतात. त्यातून आलेली तारीख एवढंच सांगते की या दिवसापर्यंत, बंद पॅकमध्ये आणि सांगितलेल्या तापमानात, लेबलावरचा दावा खरा राहील. दुसऱ्या दिवशी क्रीमचं विष होत नाही, हे खरं. पण सनस्क्रीनमधलं तेल-पाण्याचं मिश्रण फुटलं की उन्हाला अडवणारे घटक त्वचेवर सारखे पसरत नाहीत, आणि ते लावणाऱ्याला कळतही नाही. तो निर्धास्तपणे उन्हात जातो. शिवाय ज्याने तारीख पुसली, त्याने तो माल कोणत्या गरम गोदामात किती दिवस ठेवला होता हे कोण सांगणार?

हाच फरक बेस्ट बिफोर आणि एक्सपायरी यांत आहे. लोक दोन्ही एकच समजतात, याची मला खंत वाटते. बेस्ट बिफोर ही गुणवत्तेची तारीख आहे. त्यानंतर कुरकुरीतपणा, वास, रंग उतरतो, पण नीट साठवलेली कोरडी वस्तू लगेच अपायकारक होत नाही. ती फेकण्याआधी उघडून बघावी. एक्सपायरी किंवा यूज बाय ही सुरक्षिततेची किंवा परिणामाची तारीख आहे, तिथे वास घेऊन निर्णय करू नये. लिस्टेरियासारखे जिवाणू फ्रिजमध्येही वाढतात आणि अन्नाला वास किंवा चव देत नाहीत. औषधावर नुसता महिना-वर्ष असेल, ०५/२०२६ असं, तर ते ३१ मेपर्यंत धरतात. आणि पॅक उघडला की छापील तारखेचा आधार सुटतो. म्हणूनच प्रसाधनांवर उघड्या डबीचं चित्र आणि त्यात १२एम असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने.

बॅच नंबर मुळात ग्राहकासाठी नसतो, हेही खरं. एकाच वेळी, सारख्या परिस्थितीत तयार झालेला माल ओळखता यावा आणि दोष निघाला तर नेमका तेवढाच परत बोलावता यावा, यासाठी तो असतो. पण गरज पडली तेव्हा त्याने याहून मोठी साक्ष दिली आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळल्याने सात माणसं गेली. आधी एक बॅच परत बोलावली. मग दुसऱ्या बॅचच्या बाटल्यांतही विष सापडलं, आणि त्या बाटल्या वेगवेगळ्या कारखान्यांत भरल्या होत्या. दोन कारखान्यांत एकच विष, आणि मृत्यू मात्र एकाच भागात. त्यावरून तपास करणाऱ्यांना कळलं की विष कारखान्यात नव्हे, दुकानांच्या फळीवर मिसळलं गेलं. छेडछाड लगेच दिसेल अशी सीलबंद बाटली त्यानंतर रूढ झाली.

म्हणून माझं ठाम मत आहे की बॅच नंबर कसा वाचायचा हे कंपनीने पॅकवर एका ओळीत लिहावं. "पहिला अंक वर्ष, पुढचे तीन दिवस", एवढंच. गुपित फुटेल ही सबब मला मान्य नाही. फार तर पाळी आणि लाइनचं अक्षर गुप्त ठेवा. तारीख तर शेजारी छापलेलीच आहे, मग तीच दुसऱ्या रूपात वाचायला देण्यात लपवण्यासारखं काय आहे? तसं केलं तर तारीख बदलणाऱ्याला बॅच नंबरही बदलावा लागेल, आणि तो बदलला की कंपनीच्या नोंदीशी जुळणार नाही.

तोवर नेहमीच्या वस्तूचा रिकामा पॅक फेकण्याआधी तळाचा फोटो काढून ठेवा. तीन-चार जमले की तीन अंकांचा गट शोधा. तो कधीच ३६६ च्या वर जात नसेल तर बहुधा दिवसाचा आहे. उरलेला एक अंक वर्षाशी जुळतो का ते बघा. चारचा अर्थ २०१४ही होऊ शकतो आणि २०२४ही, ते वस्तूची मुदत किती यावरून कळतं. बहिणीच्या फोनमध्ये आता असे फोटो आहेत. परवा तिने एक पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, ५०४५, म्हणजे १४ फेब्रुवारी ना?" तारीख मी अजून पाहिली नव्हती. पाहिली, १४/०२/२०२५ होती.