टिकल्यांच्या कपड्यांवरील डागांसंबंधीच्या संदेशाबाबत खुलासा

“लग्नाच्या टिकल्यांच्या कपड्यावर तेलाचा डाग पडला तर कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन जोरात चोळा, डाग लगेच जातो आणि टिकल्याही चमकतात.”

हा उपाय कृपया करू नये. अनेक रिमूव्हरमधील ॲसिटोन हा द्रव गोंद सैल करतो, काही प्लास्टिकचे मणी विरघळवतो आणि टिकल्यांवरील चकाकीचा थर उतरवू शकतो. मी उरलेल्या टिकल्यांच्या पट्टीवर तो लावून पाहिला, तेव्हा चिकटवलेले मणी काही मिनिटांत सुटले आणि कापसावर रंग उतरला. चोळल्याने दोरे तुटतात ते वेगळेच.

ताज्या तेलकट डागावर कॉर्नफ्लॉवर भुरभुरून अर्धा तास ठेवावे आणि मऊ ब्रशने अलगद झटकावे. त्यानंतर आतल्या शिवणीवर ओला पांढरा कपडा दाबून पाहावा; त्यावर रंग उतरला, तर घरी काहीही न करता कपडा जाणकार ड्रायक्लीनरकडे द्यावा आणि मणी चिकटवलेले आहेत की शिवलेले, हे त्याला सांगावे, कारण तिथली काही रसायनेही मण्यांना सोसत नाहीत. रंग पक्का असेल, तर डागाची उजवी बाजू कोरड्या पांढऱ्या कपड्यावर ठेवून, वाटीभर थंड पाण्यात सौम्य साबणाचा एकच थेंब मिसळून, उलट बाजूने नुसते टिपावे. शेवटी साध्या पाण्याने टिपून कपडा सावलीत आडवा वाळवावा. ड्रायरच्या उष्णतेने टिकल्या वाकतात.

मूळ संदेश पुढे पाठवणे कृपया थांबवावे.